पिरॅमिड-तत्त्व, अहवालमांडणीतील

विश्लेषणातून हाती आलेल्या निष्कर्षांची लेखी मांडणी करण्याची एक पद्धत. या पद्धतीत वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर अहवालाच्या आरंभीच एका विधानात दिले जाते. त्याच्याखाली ते उत्तर तोलून धरणारी मोजकी विधाने येतात, आणि प्रत्येक विधानाच्या खाली त्यास आधारभूत असलेली माहिती गटवार येते. शिखराशी एक आणि खाली उतरावे तसतसा विस्तार, असा आकार या मांडणीस येत असल्याने तीस पिरॅमिड-तत्त्व असे म्हणतात. वरच्या प्रत्येक विधानाने त्याखालील गटाचा सारांश सांगितला पाहिजे, आणि खालच्या गटाने वरच्या विधानामुळे वाचकाच्या मनात उठणाऱ्या ‘का?’ किंवा ‘कसे?’ या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, हा या तत्त्वाचा गाभा होय.

उगम : या तत्त्वाची सुसूत्र मांडणी बार्बरा मिंटो या अमेरिकन लेखिकेने केली. हार्व्हर्ड विद्यापीठातील व्यवसाय-प्रशासनाचे शिक्षण पूर्ण करून त्या १९६३ मध्ये मॅकिन्झी या व्यवस्थापन-सल्लागार संस्थेत दाखल झाल्या. १९६६ मध्ये संस्थेने त्यांना लंडन येथे पाठविले. तेथे यूरोपातील सहकाऱ्यांचे अहवाल सुधारण्याचे काम त्यांच्याकडे होते. अहवालांची दुर्बोधता भाषेच्या उणिवेतून क्वचितच येते, विचारांचा क्रम व त्यांचे गट न जुळल्याने ती बहुधा येते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९७३ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि पुढे याच विषयावरील त्यांच्या ग्रंथामुळे ही पद्धत सर्वत्र पोहोचली. मनुष्याची तात्कालिक स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकते, हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले होते. सुटी माहिती समोर आली की वाचक आपोआप तिचे गट पाडू लागतो. लेखकाने गट पाडून दिले नाहीत, तर वाचक स्वतःचे गट पाडतो आणि ते लेखकाच्या गटांशी जुळतीलच असे नाही, हा या पद्धतीमागील मुख्य विचार आहे.

वृत्तपत्रांतील बातमी ज्या ‘उलट्या पिरॅमिड’च्या रीतीने लिहितात, तिच्याहून हे तत्त्व भिन्न आहे. बातमीत मजकूर उतरत्या महत्त्वाने येतो, त्यामुळे जागा अपुरी पडल्यास तो शेवटाकडून कापता येतो. येथे खालचा मजकूर कमी महत्त्वाचा नसतो. तो वरच्या मजकुराचा आधार असतो. आधार कापला, तर वरचे विधान निराधार ठरते.

मांडणीचे घटक : शिखरावरील विधान कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे वाचकास आधी कळावे लागते. त्यासाठी अहवालाच्या आरंभी दोन-तीन वाक्यांची प्रस्तावना असते. तीत वाचकाला मान्य असलेली स्थिती, त्या स्थितीत निर्माण झालेली अडचण आणि तीतून उद्‌भवलेला प्रश्न, असा क्रम असतो. वाचकाला ठाऊक नसलेली किंवा वादग्रस्त गोष्ट प्रस्तावनेत येऊ द्यावयाची नसते. तिचे स्थान खाली, पुराव्यासह असते.

उत्तराखालील आधार दोन प्रकारे रचता येतो. निगामी रचनेत एक विधान दुसऱ्यावर उभे राहते आणि अखेरीस ‘म्हणून’ असा निष्कर्ष निघतो. विगामी रचनेत समान जातीची अनेक विधाने शेजारी-शेजारी उभी राहतात व त्यांपैकी प्रत्येक विधान स्वतंत्रपणे वरच्या विधानास आधार देते. व्यवस्थापकासाठी लिहावयाच्या अहवालात वरच्या पातळीवर विगामी रचना सोयीची पडते; कारण तीतील एखादे विधान वाचकाला अमान्य झाले, तरी उरलेली टिकून राहतात. निगामी साखळीत एक कडी तुटली की निष्कर्षच गळून पडतो.

गटांना दोन कसोट्या लावतात. एका गटातील गोष्ट दुसऱ्या गटात पुन्हा येऊ नये, ही पहिली. आणि सर्व गट मिळून प्रश्नाचा पूर्ण पट व्यापला जावा, ही दुसरी. पहिली कसोटी मोडली, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. दुसरी मोडली, तर खरे कारण गटांच्या बाहेर राहते आणि लेखकाला त्याचा पत्ता लागत नाही. या कसोट्या व्यवहारात कशा लागू पडतात, हे साखर-उताऱ्याच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

साखर-उताऱ्याचे उदाहरण : अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्हा हा सहकारी साखर कारखानदारीचा एक प्रमुख प्रदेश होय. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी परिसरातील प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. त्यानंतर प्रवरा, गोदावरी व मुळा यांच्या कालव्यांखालील पट्ट्यात असे अनेक कारखाने निघाले. अशा कारखान्यात संख्यात्मक माहितीची वाण नसते. प्रयोगशाळा रसाचे, बगॅसचे व मोलॅसिसचे पृथक्करण दररोज नोंदविते. वजनकाट्यावर प्रत्येक वाहनाची नोंद होते. शेतकी खात्याकडे तोडणीच्या तारखा असतात. उतारा, म्हणजे शंभर भाग ऊस गाळून मिळालेली साखर, घटला की हे सर्व आकडे कार्यकारी संचालकाच्या मेजावर येतात. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी निगडित असल्याने या घटीची झळ अखेर ऊस-उत्पादकापर्यंत पोहोचते.

पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. समजा, दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातील उतारा मागील वर्षी ११.४० टक्के होता आणि या वर्षी तो १०.९० टक्के झाला. ही ०.५० ची घट म्हणजे रोज २५ टन, अर्थात २५० क्विंटल साखर होय. गिरणीच्या रोलरांमध्ये बिघाड असावा, अशी चर्चा असून दोन दिवस गाळप थांबवून दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. कार्यकारी संचालकाचा प्रश्न असा, की उतारा कशामुळे घटला आणि गिरणी थांबवावी काय?

परिपाठाप्रमाणे लिहिलेला अहवाल खातेवार असतो. प्रथम गिरणी-विभागाची माहिती येते व तीत बगॅसमधून जाणारी साखर ०.६२ वरून ०.६४ झाल्याचे दिसते. मग प्रक्रिया-विभाग येतो व मोलॅसिसमधील घट १.२२ वरून १.३४ झाल्याचे कळते. त्यानंतर शेतकी खात्याची तोडणीची कोष्टके येतात. दहाव्या-बाराव्या पानावर निष्कर्ष असतो. वाचक पहिल्या पानावरच बगॅसचा वाढलेला आकडा पाहतो, गिरणीविषयीचा त्याचा संशय बळावतो आणि पुढचे सर्व आकडे तो त्याच दृष्टीने वाचतो. अहवालातील एकही आकडा चुकीचा नसतो. तरीही निर्णय चुकण्याचा संभव असतो.

पिरॅमिड-तत्त्वानुसार गट पाडताना खाती बाजूस ठेवून कारणे हाती घ्यावी लागतात. उसातून आलेली साखर, म्हणजे उसातील पोल टक्केवारी, आणि कारखान्यात झालेली घट यांच्या वजाबाकीने उतारा ठरतो. म्हणून उतारा कमी होण्याचे पहिले दोन गट सहज पडतात : साखर आलीच कमी किंवा आलेली साखर अधिक वाया गेली. मागील वर्षी पोल १३.४० व एकूण घट २.०० होती, या वर्षी पोल १३.०४ व घट २.१४ आहे. प्रेसमडमधील ०.०८ व अज्ञात घट ०.०८ यांत बदल नाही. म्हणजे ०.५० पैकी ०.३६ हा भाग कमी साखर आल्याचा असून ०.१४ हा भाग वाढलेल्या घटीचा आहे. घटीच्या वाढीतही ०.१२ मोलॅसिसमध्ये आणि अवघा ०.०२ बगॅसमध्ये आहे.

हे दोन गट सर्वव्यापी वाटतात. परंतु दुसरी कसोटी येथेच लावून पाहणे आवश्यक असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘बी-हेवी’ मोलॅसिसपासूनच्या इथेनॉलला स्वतंत्र दर दिल्यापासून अनेक कारखाने साखरेचा काही अंश जाणूनबुजून इथेनॉलकडे वळवितात. अशा वेळी साखर कमी आलेली नसते, वायाही गेलेली नसते. तरी उतारा उतरलेला दिसतो. ‘वळविलेली साखर’ हा तिसरा गट न पाडल्यास ही तूट मोलॅसिसमधील घट म्हणून मोजली जाते आणि प्रक्रिया-विभागावर अकारण ठपका येतो. प्रस्तुत उदाहरणात दोन्ही वर्षी साखर वळविलेली नाही, असे तपासून हा गट रिकामा असल्याचे एका वाक्यात नमूद करावे लागते. रिकामा गट वगळणे आणि तो तपासून रिकामा आढळला असे सांगणे, यांत वाचकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

आता पोल का घटली, या प्रश्नाकडे वळता येते. जात, पक्वता, पाचटाचे प्रमाण व तोडणीपासून गाळपापर्यंतचा विलंब ही संभाव्य कारणे आहेत. तोडणीच्या नोंदी व वजनकाट्याच्या नोंदी जोडून पाहिल्यावर असे आढळते, की २४ तासांच्या आत गाळलेल्या ६० टक्के उसाची पोल १३.४०, म्हणजे गतवर्षाइतकीच आहे. उरलेला ४० टक्के ऊस दूरच्या तीन गटांतून सरासरी ४८ तासांनी येतो व त्याची पोल १२.५० आहे. दोहोंची भारित सरासरी बरोबर १३.०४ येते. मागील वर्षी जवळजवळ सर्व ऊस २४ तासांत गाळला गेला होता. जात व पाचटाचे प्रमाण दोन्ही भागांत सारखे असल्याची खात्री केल्यावर विलंब हेच कारण उरते. मार्चच्या उन्हात तोडलेल्या उसातील साखरेचे विघटन जलद होते. त्यातून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात, जीवाणूंमुळे डेक्स्ट्रॅनसारखे चिकट पदार्थ वाढतात, आणि पाकातून साखरेचे स्फटिक वेगळे करणे कठीण होऊन अधिक साखर मोलॅसिसमध्ये राहते. विलंबाने आलेल्या उसाच्या रसात या पदार्थांचे प्रमाण वाढलेले आढळले, तर मोलॅसिसमधील ०.१२ ची वाढही त्याच कारणाखाली आणता येते.

अशा रीतीने शेतकी खात्याच्या कोष्टकातील ०.३६ आणि प्रक्रिया-विभागाच्या कोष्टकातील ०.१२ हे दोन आकडे एका कारणाखाली एकत्र येतात. खातेवार मांडणीत ते कधीच एकमेकांजवळ आले नसते. एकूण ०.५० पैकी ०.४८, म्हणजे रोजची २४० क्विंटल साखर विलंबामुळे जाते. गिरणीकडे जेमतेम १० क्विंटल उरतात.

शिखरावर केवळ कारण सांगून भागत नाही. कारण कार्यकारी संचालकाचा प्रश्न निर्णयाचा आहे. विलंबाच्या ४८ तासांपैकी ३० तास तोडलेला ऊस शेतातच पडून असतो, ४ तास वाहतुकीत आणि १४ तास कारखान्याच्या गाडीतळावर जातात. तिन्ही गटांतून रोज २,००० टन ऊस येतो आणि तेवढाच तोडला जातो. म्हणजे वाहने अपुरी नाहीत. मात्र ३० तासांच्या हिशोबाने सुमारे २,५०० टन तोडलेला ऊस शेतांत कायम शिल्लक राहतो. कधी तरी साचलेली ही शिल्लक रोजच्या समान तोडणीमुळे कमी होत नाही. तोडणी एक दिवस थांबवून वाहतूक चालू ठेवली, तर शिल्लक ५०० टनांवर, म्हणजे ६ तासांवर येते आणि एकूण विलंब २४ तासांचा होतो. याउलट दुरुस्तीसाठी गिरणी दोन दिवस थांबविल्यास १०,००० टनांचे गाळप लांबून तोडलेला ऊस आणखी शिळा होईल.

या विश्लेषणावरून अहवालाचा आरंभ पुढीलप्रमाणे होतो : ‘मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उतारा गतवर्षीपेक्षा ०.५० ने कमी आहे. गिरणीतील बिघाड हे त्याचे कारण असावे, असे मानून दोन दिवस गाळप थांबविण्याचा प्रस्ताव आहे. गाळप थांबवू नये. दूरच्या तीन गटांतील तोडणी एक दिवस थांबवावी. घटीचा ०.४८ भाग शिळ्या उसामुळे आहे. गिरणीमुळे फार तर ०.०२ आहे, आणि एक दिवसाच्या खंडाने शेतातील शिल्लक उसाचा निपटारा होतो. या दिवशी तिन्ही गटांतील टोळ्यांना तोडणीची मजुरी मिळणार नाही. तिच्या भरपाईचा निर्णय सोबतच घ्यावा लागेल.’ यापुढील तीन भाग अनुक्रमे या तीन विधानांचे असतात. प्रत्येक भागाच्या शीर्षस्थानी ते विधान पूर्ण वाक्यात येते. ‘गिरणी-विभागाची माहिती’ यासारखे नुसते नाव तेथे पुरेसे नसते. दैनिक कोष्टके परिशिष्टात जातात. वाचक पहिल्या परिच्छेदाशी थांबला, तरी निर्णयास लागणारे सर्व त्याच्या हाती असते. त्याला शंका आली, तर ती कोठे तपासावी हेही त्याला कळते.

दोष व त्यांची पारख : सर्वांत सामान्य दोष म्हणजे शिखरावर पोकळ विधान असणे. ‘उताऱ्याच्या घटीस अनेक कारणे आहेत’ हे विधान कोणत्याही वर्षी व कोणत्याही कारखान्यात खरे ठरते. त्यामुळे ते काहीच सांगत नाही. एखादे विधान दुसऱ्या अहवालात जसेच्या तसे बसत असेल, तर ते पोकळ समजावे. दुसरा दोष मिश्र गटाचा. कारणे, परिणाम व उपाय एकाच यादीत आले, तर त्या यादीस एक नाव देता येत नाही. असे नाव सुचत नसेल, तर गट चुकला आहे हे ओळखावे. तिसरा दोष असा, की आकड्यांची बेरीज शिखराशी जुळत नाही. वरील उदाहरणात ०.४८ व ०.०२ मिळून ०.५० होतात. बेरजेत मोठी तफावत राहिली असती, तर एखादा गट सुटला किंवा एखादी गोष्ट दोनदा मोजली गेली, असा त्याचा अर्थ झाला असता.

मर्यादा : पिरॅमिड हा सांगण्याचा क्रम आहे, शोधण्याचा नव्हे. शोध खालून वर, माहितीकडून निष्कर्षाकडे जातो. लेखन वरून खाली येते. हे दोन क्रम एकमेकांत मिसळले, की उत्तर आधी ठरवून त्यास अनुकूल आकडे तेवढे गोळा करण्याचा धोका उद्‌भवतो, आणि नीटनेटक्या मांडणीमुळे तो वाचकाच्या नजरेस येत नाही. म्हणून प्रतिकूल माहितीलाही गटांत स्थान द्यावे लागते. वरील उदाहरणात विलंबाने आलेल्या उसाच्या रसाची तपासणी झालेली नसेल, तर ०.१२ चा भाग शिळ्या उसाच्या नावे न मांडता ‘बहुधा’ असे म्हणून वेगळा दाखवावा लागेल आणि शिखरावरील आकडा ०.३६ एवढाच राहील. एवढ्यावरही गिरणी न थांबविण्याचा निर्णय टिकतो. कारण बगॅसमधील वाढ ०.०२ च असते.

उत्तर अद्याप मिळालेलेच नसेल, तेव्हा ही पद्धत लागू पडत नाही. अशा वेळी काय कळले व काय कळावयाचे आहे, एवढेच शिखरावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होय. ज्यांना निर्णयाची झळ बसणार आहे, अशा श्रोत्यांपुढे तोंडी बोलतानाही उत्तर आरंभीच सांगणे नेहमी इष्ट नसते. तोडणी थांबविण्याचा निर्णय टोळ्यांच्या मुकादमांना कळविताना शेतात पडून असलेल्या उसाचा हिशोब आणि भरपाईची तरतूद आधी सांगून मग निर्णयावर येणे हा क्रम अधिक योग्य ठरतो. आकडे तेच असतात. मात्र कार्यकारी संचालक ‘काय करावे?’ असे विचारीत असतो, तर मुकादम ‘आमचे काय?’ असे, आणि पिरॅमिडचे शिखर वाचकाच्या प्रश्नावरूनच ठरत असते.